शाकाहारी घरात अंडं शिजवायचं असेल तर आधी मिठाचा डबा वेगळा करा

घरात आम्ही तिघं: मी, माझा मित्र आणि त्याची आई, म्हणजे काकू. ते दोघं पक्के शाकाहारी, अंडंही न खाणारे. मी आठवड्यातून चार दिवस तरी अंडं खाणारा. राहायला जाताना मी नवा पॅन, नवी ताटली, नवा काटा असं सगळं स्वतःचं घेऊन गेलो होतो आणि विषय संपला असं धरून चाललो होतो. तिसऱ्या आठवड्यात काकूंनी मिठाचा डबा माझ्यासमोर आणून ठेवला. "हे काय आहे, बघ रे जरा." मिठात ज्वारीच्या दाण्याएवढी पिवळट गुठळी होती आणि डब्याच्या काठावर वाळलेल्या डिंकासारखा एक चकचकीत ओघळ.

कसं झालं ते लगेच लक्षात आलं. अंडं फोडलं, बोटं पॅनच्या कडेला निपटली आणि त्याच बोटांनी चिमूटभर मीठ घेतलं. पॅन माझाच होता, मीठ सगळ्यांचं होतं. नव्याने अशा घरात राहायला जाणाऱ्याला मी सगळ्यात आधी हेच सांगतो. तव्याची सरमिसळ सहसा होत नाही, कारण तवा डोळ्यांना दिसतो. सरमिसळ होते ती शिजवता शिजवता हात जिथे जिथे जातो तिथे: मीठ, तिखट, तेलाची पळी, घासणी, हात पुसायचं फडकं.

विकत घेण्याआधी विचारा

"तुम्हाला अंड्याची अडचण आहे का?" असं विचारू नका. त्यावर माणूस संकोचाने "चालेल हो" म्हणतो आणि मग महिनाभर नाक धरून बसतो. तीन गोष्टी वेगवेगळ्या विचारा. भांड्याचा स्पर्श चालत नाही, वास चालत नाही, की समोर दिसलेलंही चालत नाही? तिन्हींची व्यवस्था वेगळी असते. स्पर्शाचीच अडचण असेल तर काम भांड्यांपुरतं आणि हातांपुरतं. वासाची असेल तर कधी आणि कसं शिजवायचं ते ठरवावं लागतं. दिसणंच नको असेल तर फ्रिजमधला डबाही अपारदर्शक हवा.

काकूंचं उत्तर मला अजून आठवतं. "वासाचं मी बघून घेईन रे, खिडकी उघडीन. पण माझ्या शेगडीवर ते उतू नको घालूस, आणि माझ्या कुकरला हात नको लावूस." म्हणजे त्यांची रेघ शेगडीवर आणि कुकरवर होती. मी ताटल्यांच्या मागे लागलो होतो, ताटल्यांचं त्यांना फारसं काही नव्हतं.

आणखी एक. घरात कुणाला अंड्याची ॲलर्जी असेल तर हा लेख पुरेसा नाही. आवडनिवड आणि श्रद्धा सांभाळायला इथली काळजी पुरते, पण ॲलर्जीत डोळ्यांना न दिसणारा कणही त्रास देऊ शकतो. तिथे डॉक्टर सांगतील तेच करायचं.

भांडी: थोडी, पण ओळखू येणारी

यादी लहान ठेवा. एक झाकणाचा पॅन, साधारण २० सेंटिमीटरचा. त्यात दोन अंड्यांचं ऑम्लेटही होतं आणि भुर्जीही. उकडायला लिटरभराचं एक पातेलं. फेटायला खोलगट वाडगा, एक काटा, एक उलथणं, एक ताटली, एक चमचा, एक वाढायचा चमचा. पातेलं उचलायला सांडशी लागत असेल तर तीही स्वतःची, कारण सांडशीचं तोंड पातेल्याच्या काठावरच बसतं. एवढ्यात एका माणसाचं सगळं भागतं. भांडी वाढली की ती सामायिक मांडणीवर सरकतात, आणि तिथून कुणाच्याही हातात जातात.

पॅन कसला घ्यायचा यावर माझं मत पक्कं आहे. घरातल्या जुन्या लोखंडी तव्यावर "एकदाच करतो, मग घासून ठेवतो" असं कधीही करू नका. लोखंडी तव्यावर तेल भाजून भाजून एक काळा थर धरलेला असतो. तो थर राखायचा तर तवा खसाखसा घासता येत नाही, आणि नाही घासला तर अंड्याचा अंश आणि वास त्या तेलकट थरात राहतो. म्हणजे एक तर तवा खराब होतो नाहीतर विश्वास. नॉनस्टिक पॅन सुरुवातीला सोयीचा, कारण अंडं चिकटत नाही आणि धुणं लवकर आटपतं. फक्त तो रिकामा तापवायचा नाही आणि उलथणं लाकडी किंवा सिलिकॉनचं घ्यायचं. स्टीलच्या पॅनला अंडं चिकटतं, पण स्टील छिद्रं धरत नाही आणि कितीही घासता येतं. पातेलं, वाडगा, चमचे स्टीलचेच बरे. माझं उलथणं लाकडी आहे. लाकूड ओल आणि वास पितं, म्हणून लाकडी वस्तू एकदा अंड्याला लागली की ती कायमची अंड्याचीच.

घरातला कुकर अंडी उकडायला घेऊ नका आणि मिक्सरच्या भांड्यात अंडं फेटू नका. दोन्हीकडे रबराची रिंग असते. रिंगेच्या खाचेत अंड्याचा पांढरा भाग शिरून वाळला की तो घासणीने निघत नाही, आणि रबर वास धरून ठेवतं. मायक्रोवेव्हमध्ये सालासकट अंडं तर कुठल्याच घरात ठेवू नये. आत वाफ कोंडून ते फुटतं आणि छतापासून जाळीपर्यंत सगळं माखतं.

आता खूण. मी आधी नेलपेंटचा लाल ठिपका लावला होता. महिन्याभरात घासून गेला, आणि माझा चमचा घरच्या चमच्यांत मिसळला तो चार दिवस कुणालाच कळलं नाही. खूण एक तर कोरलेली हवी नाहीतर वस्तूचं रूपच वेगळं हवं. घरात सगळं स्टील असेल तर तुमची ताटली रंगीत एनॅमलची घ्या, चमचा रंगीत मुठीचा घ्या. अर्धवट झोपेत, अंधुक उजेडात हात घातला तरी कळलं पाहिजे, ही कसोटी. आणि हे सगळं ओट्याखालच्या एका टोपलीत किंवा एका खणात एकत्र. वाळलं की तिथेच, दुसरीकडे कुठे नाही.

कोरडं आधी, ओलं नंतर

मीठ-प्रकरणानंतर मी एक छोटी बरणी मिठाची, एक तिखट-हळदीची आणि एक बारीक तोंडाची तेलाची बाटली माझ्या टोपलीत ठेवली. तेलाची बाटली ओतायची असावी, पळी बुडवायची नसावी. पळी बुडवून तेल घेताना ती पॅनला टेकतेच, आणि मग तीच परत सगळ्यांच्या तेलात जाते. माझ्या हातून हेही झालं असणार. मिठात दिसलं म्हणून कळलं, तेलात दिसलं नसतं.

पण कांदा, मिरची, कोथिंबीर, सुरी, पाट ही सामायिकच असतात. तिथे उपयोगी पडतो तो क्रम. अंड्याचं कवच फुटेपर्यंत सगळ्यांच्या वस्तूंना हात लावायचा, कवच फुटल्यावर फक्त स्वतःच्या. माझं रविवारचं ऑम्लेट असं होतं:

१. घरच्या पाटावर, घरच्या सुरीने कांदा आणि मिरची चिरून माझ्या ताटलीत काढतो. पाट आणि सुरी तेव्हाच धुऊन जागेवर ठेवतो. अंडी अजून फ्रिजमध्येच आहेत.

२. ओट्याचा शेगडीजवळचा एक कोपरा मोकळा करतो. शेजारी वरणाचं पातेलं किंवा कणीक असेल तर ती झाकून पलीकडे. अंडं फोडताना शिंतोडे उडतात ते दिसत नाहीत, पण वीतभर तरी जातात. कोपऱ्यात एक जुना कागद अंथरतो.

३. मीठ, तिखट, हळद माझ्या बरणीतून कांद्यावर आधीच टाकतो. नंतर बरणीला हात लावायची वेळच येत नाही.

४. पॅनमध्ये तेल घालून शेगडी मंद पेटवतो. लायटर, शेगडीचं बटण, पंख्याचं बटण ही सगळी कामं इथेच उरकतात.

५. आता डबा काढून अंडी घेतो आणि डबा लगेच परत आत ठेवतो. अंडं कागदावर, सपाट जागी टिचकवून फोडतो. वाडग्याच्या काठावर टिचकवलं तर ओघळ बाहेरून उतरतो आणि वाडगा ठेवतो तिथे ओट्यावर कडं उमटतं. कवचं त्याच कागदात.

६. उजवा हात ओला, डावा कोरडा. आच कमी करायची, झाकण ठेवायचं ते डाव्या हाताने. फेटणं आणि ओतणं उजव्याने. चुकून दोन्ही हात भरले तर थांबून साबणाने धुतो. फडक्याला पुसत नाही, कारण ते फडकं मग सगळ्यांच्या हाताला लागतं.

७. ऑम्लेट झाकण ठेवून मंद आचेवर. कडा करपवत नाही.

सातव्या पायरीचं कारण वास. अंड्याचा जो वास घरभर फिरतो त्यातला बराचसा जास्त शिजवल्यामुळे येतो. पांढऱ्या भागात गंधक असलेली प्रथिनं असतात. ती फार वेळ तापली की हायड्रोजन सल्फाइड हा वायू सुटतो. उकडलेल्या अंड्याच्या बलकाभोवती जे हिरवट-करडं कडं दिसतं ते याच वायूची बलकातल्या लोहाशी गाठ पडल्याने तयार होतं. ते कडं दिसलं की समजायचं, आज वासही जास्त सुटला. पाण्याला उकळी आल्यावर घड्याळ लावून दहा मिनिटं उकडायचं आणि लगेच गार पाण्यात टाकायचं. कडं येत नाही आणि वासही बेताचाच राहतो. पूर्ण न वास येणारं अंडं मात्र कुणाला जमलेलं नाही. ज्या घरात धूर बाहेर काढणारा पंखा नाही आणि खिडकी एकच आहे, तिथे भुर्जी टाळून उकडलेल्या अंड्यांवर भागवावं, असं मी म्हणेन.

धुताना गरम पाणी आधी नको

नव्या माणसाचा हात इथे हमखास चुकतो, तोही स्वच्छतेच्या हौसेने. अंड्याचं भांडं म्हणून तो त्यावर कढत पाणी ओततो. पण अंड्याचा पांढरा भाग साधारण ६० अंश सेल्सिअसच्या पुढे घट्ट व्हायला लागतो. म्हणजे भांड्याला लागलेलं कच्चं अंडं तुम्ही भांड्यावरच शिजवून चिकटवता. काट्याच्या दातांमध्ये तो पांढरा थर अडकतो आणि वास येत राहतो. आधी गार पाण्याने सगळं ओघळून टाका, मग साबण आणि घासणी, आणि शेवटी हवं तर गरम पाणी.

सिंकमध्ये घरची भांडी पडलेली असतील तर आधी ती घासून बाजूला काढा. कंटाळा येतो, पण त्यांच्या ताटांवर तुमच्या पॅनचं पाणी ओघळणं ही नेमकी त्यांना खुपणारी गोष्ट असते. घासणी वेगळी, वेगळ्या रंगाची, आणि तुमच्या टोपलीतच वाळणारी. स्पंजपेक्षा तारेची किंवा जाळीची घासणी बरी, स्पंजाच्या पोटात अंडं राहतं. तारेची फक्त स्टीलला, नॉनस्टिकला प्लास्टिकच्या जाळीचीच. शेवटी सिंकची जाळी उचलून धुवा. कवचाचे तुकडे तिथेच सापडतात. कवचांचा कागद पिशवीत बांधून त्याच दिवशी बाहेर. कवचाच्या आत राहिलेला चिकट पापुद्रा दुसऱ्या दिवशी डब्यात वास मारतो, आणि सकाळी कचऱ्याचा डबा उघडणारे तुम्ही नसता.

भांडं खरंच स्वच्छ झालं का हे बघायची एक साधी पद्धत आहे. आत बोट फिरवा. बुळबुळीत लागलं तर नाही झालं. मग त्यात थोडं गरम पाणी घालून पाच मिनिटं झाकून ठेवा आणि झाकण काढताच वास घ्या. गार भांड्यात दबलेला हिवस वास वाफेबरोबर वर येतो. मी ही परीक्षा काकूंच्या देखत दिली आहे, दोनदा नापास झालो.

फ्रिजमधली जागा

दारातल्या खाचांमध्ये अंडी ठेवू नका. दार उघडझाप होतं, तिथलं तापमान सतत बदलतं, आणि धक्क्याने अंडं तडकलं तर ओघळ खालच्या सगळ्या कप्प्यांवर उतरतो. घट्ट झाकणाचा डबा, तळाला कागद, आणि जागा सगळ्यात खालच्या कप्प्यात. गळालंच तर खाली दुसरं काही नसतं. डब्यात ठेवण्याआधी अंडी धुवू नका. कवचावर बारीक छिद्रं असतात आणि वरून एक नैसर्गिक पातळ थर असतो. तो धुतला गेला की जंतू आत शिरायला वाट मिळते. कवच मळकं असेल तर कोरड्या कागदाने पुसा.

शिजवलेलं अंडं काचेच्या डब्यात ठेवा, प्लास्टिकला वास राहतो. उकडलेलं अंडं फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं, पण बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. सोलून ठेवलेल्याचा वास लवकर पसरतो, म्हणून खायच्या वेळी सोला.

ताटावर: चमचा माणसाचा नाही, भांड्याचा

एकत्र जेवताना गडबड पहिल्या वाढणीला होत नाही, दुसऱ्या वाढणीला होते. पहिल्यांदा ताट कोरं असतं. दुसऱ्यांदा तुम्ही वरणाचा डाव ताटावर नेता तेव्हा तिथे ऑम्लेटचा तुकडा असतो, डाव त्याच्या कडेला टेकतो, आणि तोच परत पातेल्यात जातो. एवढंच. कुणाच्या लक्षातही येत नाही, किंवा एकाच्या येतं आणि तो त्या दिवशी वरण घेत नाही.

मी यावर असं करतो. घरच्या सगळ्या जिनसा आधी वाढून घेतो, पोळ्याही दोन जास्त घेतो, आणि मगच माझ्या डब्याचं झाकण काढतो. वरण वाटीत घेतो, ताटात नाही. परत लागलं तर वाटी उचलून पातेल्याजवळ नेतो आणि डाव वरून, न टेकवता रिता करतो. लोणचं, चटणी, सॉस सुरुवातीलाच कोरड्या चमच्याने ताटाच्या कडेला काढतो. तुकडा बरणीत बुडवत नाही. माझं भांडं टेबलाच्या माझ्या टोकाला, त्याखाली एक ताटली, आणि त्यातला वाढायचा चमचा त्या ताटलीबाहेर पडत नाही. तो चमचा मुद्दाम आखूड आणि पिवळ्या मुठीचा घेतला आहे. घरच्या लांब दांड्याच्या डावांत तो चुकूनही मिसळत नाही. पाहुणे आले की हे सगळं त्यांना सांगत बसण्यापेक्षा त्या दिवशी अंडं करू नये.

चूक झाली तर

लपवू नका, त्याच तासात सांगा. आणि "धुतलं की झालं, शास्त्रीयदृष्ट्या काही उरत नाही" हा वाद घालू नका. भांडं कुणाचं आहे तो ठरवेल. स्टील असेल तर बहुतेक लोक घासून, पाण्यात दहा मिनिटं उकळून परत घेतात. मीठ-मसाला असेल तर टाकून द्यायचा आणि भरून द्यायचा. लाकडी वस्तू असेल तर नवी आणायची.

गेल्या पावसाळ्यात काकूंचा लाकडी डाव माझ्या भुर्जीत गेला. माझाच हात, माझीच घाई. सांगितलं तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत, डाव उचलून माझ्या टोपलीत टाकला. दुसऱ्या दिवशी मी तसाच नवा आणून दिला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला, दोन दिवस तेलात भिजवला आणि म्हणाल्या, "जुना चांगला होता, पण तुझ्याकडे राहू दे. तुझं ते उलथणं फारच बारीक आहे."